मागणीची लवचिकता: पेपरात या चुका टाळा

"मागणी लवचिक असेल तर किंमत कमी करावी, म्हणजे नफा वाढतो." बी.कॉम.चे पेपर तपासताना हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की ते दिसलं की लाल पेन आपोआप उचललं जातं. चुकलाय एकच शब्द, पण तोच महत्त्वाचा. लवचिक मागणीत, म्हणजे किंमत जितके टक्के बदलते त्याहून जास्त टक्के मागणी बदलते तिथे, किंमत उतरवली की वाढते ती एकूण प्राप्ती, म्हणजे गल्ल्यात येणारा पैसा. नफ्याचं काय होईल ते लवचिकता एकटी सांगू शकत नाही.

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांचं झेरॉक्सचं दुकान होतं. एका कॉपीला २ रुपये, रोज साधारण १००० कॉप्या. पोराने गाइडमधला "लवचिक मागणी: किंमत खाली, प्राप्ती वर" असा बाणांचा तक्ता पाठ केला आणि वडिलांना पटवून भाव दीड रुपयावर आणला. किंमत २५ टक्के घटली, कॉप्या १४०० झाल्या, म्हणजे ४० टक्के वाढल्या. लवचिकता ४० भागिले २५, १.६. गल्ला २००० वरून २१०० वर गेला. पोरगं खूश!

मी विचारलं, कागद, टोनर धरून एका कॉपीमागे खर्च किती? ८० पैसे. मग मांडा हिशेब. आधी कॉपीमागे १ रुपया २० पैसे सुटायचे, १००० कॉप्यांचे १२०० रुपये. आता सुटतात ७० पैसे, १४०० कॉप्यांचे ९८०. गल्ल्यात १०० रुपये वाढले आणि हातचे २२० गेले. जुने १२०० मिळवायलाच आता १७१५ कॉप्या काढाव्या लागल्या असत्या, म्हणजे लवचिकता जवळपास २.९ हवी होती.

उलट बाजू मात्र सरळ आहे. मागणी अलवचिक असेल, म्हणजे लवचिकता एकाहून कमी असेल, आणि किंमत थोडी वाढवली, तर प्राप्ती वाढते आणि माल कमी खपल्याने खर्चही उतरतो, त्यामुळे नफा वाढतोच. म्हणून अलवचिक मागणीत भाववाढीची शिफारस बिनधास्त लिहा. लवचिक मागणीत भावकपात सुचवण्याआधी नगामागचा खर्च विचारा. प्रश्नात तो दिला नसेल तर उत्तरात "प्राप्ती वाढेल" एवढंच लिहा. मी तरी तेवढ्यावरच थांबतो.

दुसरी चूक पायाची. वरचंच उदाहरण उलटं चालवा: दीडवरून परत दोन. आता किंमत ३३.३ टक्के वाढली, कॉप्या १४०० वरून १००० म्हणजे २८.६ टक्के घटल्या. लवचिकता ०.८६! येताना लवचिक, जाताना अलवचिक, आणि दुकान तेच. या ०.८६ वर विसंबून "किंमत वाढवा, प्राप्ती वाढेल" लिहिलंत तर फसलात, कारण गल्ला २१०० वरून २००० वर येतो.

दोष टक्केवारीच्या पायाचा आहे. म्हणून बदल मोठा असला की मी दोन्ही टोकांची सरासरी पाया धरतो. ४०० भागिले १२०० म्हणजे ३३.३ टक्के, आणि ५० पैसे भागिले पावणेदोन रुपये म्हणजे २८.६ टक्के. उत्तर १.१७, दोन्ही दिशांनी तेच, आणि गल्ल्याशी जुळणारं. यालाच कंस लवचिकता म्हणतात. वेळ लागतो म्हणून मुलं ती टाळतात. दोन भागाकार जास्त करायला खरंतर अर्धा मिनिटही लागत नाही. प्रश्नात पद्धत ठरवून दिली असेल तर अर्थात तीच वापरा. गणित झालं की दोन्ही किमतींना एकूण प्राप्ती काढून पडताळायची माझी सवय आहे. भाव उतरवून गल्ला वाढला आणि उत्तर एकाच्या खाली आलं, तर कुठेतरी गडबड आहे.

बाकीच्या चुका चटकन. ऋण चिन्ह किंमत व मागणीच्या उलट्या नात्यामुळे येतं. तुलना करताना ते सोडा, "लवचिकता ऋण म्हणून कमी" असं लिहू नका. मागणी वक्राचा उतार म्हणजे लवचिकता नव्हे. रुपयांऐवजी पैशांत मांडलं की उतार बदलतो, लवचिकता नाही. "मीठ अलवचिक" हे एकूण मिठाबद्दल खरं आहे. एकाच कंपनीने पुडा महाग केला तर गिऱ्हाईक शेजारचा पुडा उचलतं.

आणि त्या दुकानाचं पुढे असं झालं, की आठवड्याभरात समोरच्यानेही दीड रुपया लावला. कॉप्या १४०० वरून ११०० वर आल्या. पोरगं वही घेऊन आलं: "सर, १० भागिले २५, लवचिकता ०.४ झाली!" झाली नव्हती. लवचिकता मोजताना इतर परिस्थिती कायम धरलेली असते, आणि इथे स्पर्धकाचा भाव हलल्याने दुकानाचा मागणी वक्रच डावीकडे सरकला होता. १००० आणि ११०० हे दोन वेगळ्या वक्रांवरचे बिंदू. त्यांच्यातून किंमत लवचिकता काढताच येत नाही.