वन-टू-वन मीटिंगची नोंद: 'काय घडलं' हा रकाना नीट भरा

एका शीटवर सहा रकाने पुरतात: तारीख, मागच्या कामांचं काय झालं, काय घडलं, समोरच्याचं म्हणणं, काय ठरलं, पुन्हा कधी पाहायचं. टीममधल्या प्रत्येकासाठी हेच सहा. 'अवघड' माणसासाठी वेगळा जाडजूड फॉर्म काढलात, तर पक्षपात तिथेच सुरू झाला.

मीटिंगची सुरुवात दुसऱ्या रकान्यापासून करा. आपण कबूल केलेली कामंही त्यात आली पाहिजेत.

खरी अडचण तिसऱ्या रकान्यात येते. मी कित्येक महिने तिथे 'जबाबदारी घेत नाही', 'अॅटिट्यूड चांगला आहे' असं लिहीत होतो. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी एका सहकाऱ्याने विचारलं, "हे नेमकं कशावरून?" माझ्याकडे एकही तारीख नव्हती. आठवत होत्या त्या फक्त शेवटच्या दोन महिन्यांतल्या चुका. त्याचं आधीचं चांगलं काम कुठेच लिहिलेलं नव्हतं. तो अन्याय होता, आणि तो माझ्या हातून झाला होता.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. तिथे हजर असलेल्या दुसऱ्या माणसालाही मान्य होईल, तेवढंच या रकान्यात लिहायचं. स्वभाव लिहायचा नाही, 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्दही नाहीत. 'जबाबदारी घेत नाही'च्या जागी अशी नोंद होते: '१२ आणि १९ तारखेचा अहवाल सकाळी ११ ऐवजी दुपारी ३ वाजता आला. पुढच्या टीमला तपासणीसाठी एकच तास उरला.'

आता चौथा रकाना, शक्यतो त्यांच्याच शब्दांत: 'दुसऱ्या विभागाकडून आकडे दीड वाजता मिळतात.' म्हणजे काम माझ्याकडे आलं! ठरलं ते असं: 'त्या विभागाशी मी २४ तारखेपर्यंत बोलणार. तोवर आकडे सकाळी दहापर्यंत आले नाहीत, तर तो मला लगेच कळवणार.' नुसता शेरा मारला असता तर हे कारण कधी पुढे आलंच नसतं. कौतुकालाही हाच नियम लावा. 'छान काम' या शब्दांतून नेमकं काय पुन्हा करायचं, ते कुणालाच कळत नाही.

'संवाद सुधारणे' हे ठरलेलं काम नव्हे. कोण, काय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही हवं. नोंद त्याच दिवशी लिहून समोरच्याला वाचायला द्या. मतभेद असेल तर तोही लिहा, खोडू नका. आजारपण किंवा घरच्या गोष्टी शीटवर नकोत. कामाची वेळ बदलली असेल तर फक्त नवी वेळ लिहा.

दर तीन महिन्यांनी टीममधल्या दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. सारख्याच उशिराला एकाकडे 'गडबडीत राहून गेलं' आणि दुसऱ्याकडे 'निष्काळजीपणा' असं लिहिलेलं सापडलं, तर दोन्ही नोंदी घडलेल्या गोष्टीपुरत्या करून पुन्हा लिहा आणि त्या दोघांना दाखवा, ज्याची त्याला.