सर्किटवाल्या शेअरचा चार्ट वाचण्याआधी

ब्रोकरकडे डीलर म्हणून किंवा रिसर्च टेबलवर नव्याने बसणारी मुलं टेक्निकल ॲनालिसिसचा कोर्स करून आलेली असतात. कँडलची नावं तोंडपाठ असतात. पण तो अभ्यास बहुतेक निफ्टीतल्या मोठ्या शेअरवर झालेला असतो, आणि ग्राहक विचारतो ते दिवसाला चार-पाच लाखांची उलाढाल असलेल्या कंपनीबद्दल. तिथे माझी पहिली सूचना एवढीच असते, चार्टच्या आधी मार्केट डेप्थ, म्हणजे त्या क्षणी उभ्या असलेल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी, उघडा.

समजा, एका शेअरमध्ये सर्वात वरची बोली ९६.२० ला ३०० शेअरची आहे आणि सर्वात स्वस्त विक्रेता ९९.८० ला १५० शेअर घेऊन उभा आहे. मध्ये ३.६० रुपयांची दरी. सकाळी कुणीतरी गरजेपोटी १० शेअर ९६.२० ला विकले. दुपारी सव्वातीनला दुसऱ्याने १० शेअर ९९.८० ला घेतले. झालं, चार्टवर जवळपास पावणेचार टक्क्यांची भक्कम हिरवी कँडल, तीही दिवसाच्या उच्चांकावर बंद! पुस्तक म्हणेल, खरेदीदार जोरात आहेत. प्रत्यक्षात कंपनीबद्दल कुणाचंही मत बदललेलं नाही. ९९८ रुपयांच्या एका सौद्याने ती कँडल रंगवली आहे. एरवी बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो. पण त्या अर्ध्या तासात एकच सौदा झाला, तर सरासरी कसली काढणार? आणि एकही झाला नाही, तर सकाळी अकराचा भावसुद्धा बंद भाव म्हणून लागतो. मूव्हिंग ॲव्हरेज, आरएसआय सगळं याच आकड्यावर उभं राहतं.

आता सर्किट. डेरिव्हेटिव्ह नसलेल्या शेअरच्या दिवसभराच्या चढ-उताराला एक्स्चेंज २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा लावतं. वरच्या टोकाला अप्पर सर्किट म्हणतात, खालच्या टोकाला लोअर. ट्रेड-टू-ट्रेडमध्ये, म्हणजे डिलिव्हरी सक्तीची असलेल्या गटात, गेलेल्या शेअरना सहसा ५ किंवा त्याहून कमी. एखाद्या बातमीमुळे १०० चा शेअर खरं तर एका दिवसात १२७ वर जायला हवा होता असं धरा. ५ टक्क्यांच्या मर्यादेत तो १०५, ११०.२५ असं करत पाच दिवसांनी तिथे पोचतो. चार्टवर नुसत्या आडव्या रेघा दिसतात, कारण उघडला, चढला, उतरला, बंद झाला, सगळं एकाच भावाला. याला ट्रेंड म्हणणं मला पटत नाही. एका दिवसाची बातमी पाच दिवसांत वाटून दिली आहे, एवढंच. असे सलग चौदा दिवस गेले तर १४ दिवसांचा आरएसआय १०० कडे सरकलेला दिसेल. व्हॉल्यूमही फसवतो. अप्पर सर्किटला व्हॉल्यूम कमी असतो तो विक्रेता नसल्यामुळे, मागणी कमी असल्यामुळे नव्हे. मग ज्या दिवशी सर्किट उघडतं त्या दिवशी व्हॉल्यूमचा खांब उभा राहतो आणि नवखा त्याला ब्रेकआउटची पुष्टी समजतो. माझ्या मते तिथे सावध व्हावं. आतापर्यंत थांबलेले विक्रेते त्याच दिवशी माल देत असतात.

सर्वात महागात पडतं ते स्टॉपलॉसवर विसंबून बसणं. ग्राहकाने १२० ला २,००० शेअर घेतले, ११४ चा ट्रिगर आणि ११३ ची लिमिट लावली. हिशोब असा की तोटा फार तर १२-१४ हजार. शेअर ११८ ला बंद झाला, रात्री वाईट निकाल आले, सकाळी थेट ११२.१० ला लोअर सर्किट. ट्रिगर पेटायला ११४ ला किंवा त्याखाली एक तरी सौदा व्हावा लागतो. सौदाच नसेल तर ऑर्डर झोपलेलीच राहते. पेटली तरी लिमिट ११३ ची, म्हणजे ११२.१० ला विकायला उभ्या असलेल्या सगळ्यांच्या मागे. लिमिट खाली आणली तरी नंबर वेळेनुसार. पुढे ८०,००० शेअर विकायला असतील आणि दिवसभरात ३,००० च निघत असतील, तर आज सुटका नाही. दुसऱ्या दिवशी भाव १०६.५० च्या आसपास, तिसऱ्या दिवशी १०१. तिथे नंबर लागला तर तोटा ३७-३८ हजारांचा होतो.

म्हणून अशा शेअरमध्ये जोखीम स्टॉपलॉसने ठरत नाही, किती माल घेतला यावर ठरते. एनएसईच्या `sec_bhavdata_full` फाइलमध्ये `NO_OF_TRADES`, `TURNOVER_LACS` आणि `DELIV_PER` हे रकाने आहेत. मागच्या वीस दिवसांची उलाढाल चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या. सरासरी नको, कारण एखाद्या मोठ्या सौद्याचा एकच दिवस ती फुगवून ठेवतो. मधला आकडा सहा लाख आला तर मी साठ हजारांपुढे जाऊ देत नाही. सौद्यांची संख्या दिवसाला पन्नासच्या आत असेल तर दैनिक चार्ट बंद करून साप्ताहिक लावतो. भावातली थोडी निरर्थक खळबळ गळते, पण सर्किटच्या रांगेवर त्याचाही इलाज नाही. आणि डिलिव्हरी १०० टक्के दिसली म्हणून गुंतवणूकदार आलेत असं ग्राहकाला सांगू नका. ट्रेड-टू-ट्रेडमध्ये डिलिव्हरी सक्तीचीच असते, तिथे ती शंभर टक्केच असणार.