ऑक्सिडाइज्ड दागिन्याचा काळेपणा घालवू नका, गेला असेल तर असा परत आणा

मागच्या नवरात्रात तुळजापूरला निघायच्या आदल्या दिवशी वहिनीनं तिचा ऑक्सिडाइज्ड चांदीचा हार चमकवायचा म्हणून गरम पाण्यात अल्युमिनियम फॉइल न् खायचा सोडा टाकून बुडवून ठेवला, पाच मिनिटात हार पांढराफट! नक्षीच दिसेना, लई वाईट वाटलं तिला.

झालं असं की ऑक्सिडाइज्ड नाव असलं तरी तो काळा थर ऑक्साइडचा नसतो, चांदी न् गंधकाचा असतो. कारागीर ९२.५ टक्के चांदी न् बाकी बहुतेक तांबं असलेला दागिना गंधकाच्या कोमट पाण्यात बुडवतात, काळा झाला की धुऊन वरचा भाग घासतात, मग खाचांतच काळं उरतं आणि नक्षी उठून दिसते. फॉइल नेमकं तेच गंधक ओढून घेतं.

आता आधी हे बघा की तुमचा दागिना आहे कशाचा. ९२५ चा हॉलमार्क असेल तर चांदी. गुलमंडीच्या बाजारात किंवा जत्रेत स्वस्तात मिळणारे बरेच ऑक्सिडाइज्ड झुमके पितळेवर चांदीचा पातळ मुलामा देऊन काळे केलेले असतात, घासला गेलेला कोपरा पिवळा दिसला की समजायचं. आणि जर्मन सिल्वरमध्ये नावाला पण चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, साधारण ६०, २० न् २० टक्के. निकेलमुळं काहींच्या कानाला खाज सुटते, लाल पुरळ येतं, तसं झालं तर ते घालणं बंदच करा.

वहिनीचा हार ९२५ चा होता म्हणून आम्ही घरीच काळा केला. आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडा केला, कारण तेलकट जागेवर रंग धरत नाही. एक अंडं दहा-बारा मिनिटं उकडून गरम असतानाच कुस्करलं आणि झिपच्या पिशवीत हारासोबत ठेवलं, पण हार वेगळ्या छोट्या वाटीत, अंड्याला लागू द्यायचा नाही नाहीतर डाग पडतात. उकडलेल्या अंड्यातून गंधकाचा वायू निघतो, तोच काम करतो. दोन-तीन तासांनी बघितलं तर तपकिरी, रात्रभर ठेवल्यावर गडद राखाडी झाला. मग धुतला, आणि मऊ कापड बोटाला ताणून गुंडाळून फक्त उंच भाग पुसला, खाचांत बोट घालायचं नाही. सराफाकडच्याएवढा गडद होत नाही, पण नक्षी परत दिसली. जर्मन सिल्वरवर हे करत बसू नका, रंग नीट धरत नाही.

रोजचं म्हणाल तर तिन्हीला टूथपेस्ट, लिंबू, चिंच लावायची नाही. टूथपेस्टनं मुलामा घासला जातो आणि आंबटानं तांबं खाल्लं जातं. सेंट आधी मारा, दागिना नंतर घाला, उन्हाळ्यात घामाचा उतरवला की कोरड्या कापडानं पुसून झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा. जर्मन सिल्वरवर हिरवट आलं तर साबणाचं पाणी न् मऊ ब्रश, मग लगेच कोरडं करा, ओलं ठेवलं की हिरवं परत येतं.