कथेची वनलाईन करताना या चुका टाळा

वनलाईन म्हणजे कथेचे सीन पाडून, एकेका सीनला एकेक ओळ देऊन केलेली यादी. नऊ पानांच्या कथेची मी पहिल्यांदा वनलाईन केली, तेव्हा ३१ सीन झाले होते. ज्या दिग्दर्शकासाठी ती केली होती त्याने कागद हातात घेतला, सातव्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात कॅमेरा कुठे लावू?" ओळ होती, 'तिला सगळं आठवतं'. कागद परत आला तेव्हा ३१ पैकी ११ ओळी शिल्लक होत्या. बाकीचे सीन नव्हतेच. कथेतले परिच्छेद मी एकेका ओळीत दाबून बसवले होते, एवढंच.

चुका दाखवायला हाताशी एखादी कथा हवी, म्हणून एक छोटी रचतो. सुमन आणि तिचा धाकटा भाऊ विलास दोन वर्षं बोलत नाहीत. आईचं शिलाई मशीन विकून टाकलं, असं विलासने फोनवर सांगितलं आणि तिथे बिनसलं. त्याच्या घराची जादा किल्ली मात्र अजून सुमनकडे आहे. रोज रात्री ती ड्रॉवर उघडून किल्लीकडे बघते. एके दिवशी ती परत करायला निघते. बसमध्ये तिला जुनं भांडण आठवतं. विलासच्या दाराला कुलूप असतं. तो संध्याकाळी येतो, असं शेजारीण सांगते. सुमन घुटमळते आणि शेवटी त्याच किल्लीने दार उघडून आत जाते. आतल्या खोलीत मशीन असतं, तेलपाणी केलेलं, सुईत दोरा ओवलेला. विलास येतो. "खोटं का बोललास?" "खरं सांगितलं असतं तर तू घेऊन गेली असतीस." सुमन काही न बोलता निघते. परतताना बसमध्ये किल्ली हाताला लागते आणि चूक आपलीही होती, हे तिला कळतं.

आता या कथेची पहिल्या हाताची यादी साधारण अशी होते :

१. सुमन आणि विलासमध्ये दुरावा आलेला असतो.
२. सुमन रोज रात्री किल्ली बघते.
३. ती किल्ली परत करायचं ठरवते.
४. बसमध्ये तिला भांडण आठवतं.
५. ती विलासच्या घरी पोचते.
६. शेजारणीशी बोलणं.
७. सुमनची घालमेल.
८. सुमन आत जाते.
९. तिला मशीन दिसतं.
१०. विलास येतो.
११. दोघांचं बोलणं.
१२. सुमनला आपली चूक कळते.
१३. ती किल्ली घेऊन परतते.

वाचायला काही चुकीचं वाटत नाही, आणि अडचण तीच आहे. कथा माहीत असणाऱ्याला ही यादी कथेची आठवण करून देते. ज्याने कथा वाचलेली नाही त्याच्या हातात ठेवा आणि विचारा, शेवटी काय झालं. त्याला सांगता येणार नाही.

परिच्छेद संपला म्हणून सीन संपत नाही

कथाकार परिच्छेद पाडतो तो श्वासासाठी, भर देण्यासाठी, कधी नुसता डोळ्यांना बरं वाटावं म्हणून. सीन तुटतो तो जागा बदलली किंवा वेळ उडी मारून पुढे गेली की. पाच, सहा, सात या ओळी बघा. तिन्ही विलासच्या दारात, सलग वेळात घडतात. तो एकच सीन आहे. आठ आणि नऊ मिळून दुसरा. दहा आणि अकरा मिळून तिसरा. विलास दारातून आत आला म्हणून 'विलास येतो' हा सीन होत नाही, तो पुढच्या सीनची सुरुवात असतो. येणं, पोचणं, निघणं, बसणं अशी क्रियापदं ओळीत एकटीच दिसली तर ती ओळ बहुधा शेजारच्या ओळीत मुरवायची असते.

उलटही घडतं. सुमनला मशीन दुपारी दिसतं आणि विलास संध्याकाळी येतो. खोली तीच, पण मधले काही तास गेले. इथे दोन सीन करावे लागतात, कारण उजेड बदलला आहे आणि तिने वाट बघितली आहे. ही उडी लक्षात यावी म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जागा आणि वेळ लिहायची सवय लावा : 'विलासचं घर, आतली खोली, संध्याकाळ'. ज्या ओळीपुढे जागा आणि वेळ लिहिताच येत नाही, तो सीन नाही. 'दुरावा आलेला असतो' कुठे घडतं? कुठेच नाही. पहिली ओळ तिथेच बाद होते.

'रोज', 'नेहमी', 'हळूहळू' यांना फसू नका

कथेत 'रोज रात्री ती किल्ली बघायची' हे एक सुंदर वाक्य असू शकतं. दोन वर्षांच्या सातशेहून जास्त रात्री त्यात मावतात. वनलाईनमध्ये त्यातली एकच रात्र घ्यावी लागते, आणि ती कुठली, हे तुम्ही ठरवायचं. मी शेवटची घेईन, ज्या रात्री ती किल्ली ड्रॉवरमध्ये परत ठेवत नाही. म्हणजे 'रोज बघते' आणि 'परत करायचं ठरवते' या दोन ओळींचं काम एका सीनमध्ये होतं : सुमन किल्ली पाकिटात घालते, पाकीट चिकटवते, वर विलासचं नाव लिहिते. पाकीट कथेत नव्हतं, मी आणलं. ते का, ते पुढे कळेल.

मनातलं ओळीत जसंच्या तसं लिहू नका

ही सगळ्यात चिवट चूक, कारण कथा बरीचशी मनातच चाललेली असते. 'घालमेल', 'पश्चात्ताप', 'जाणीव होते', 'हायसं वाटतं' हे शब्द ओळीत आले की थांबायचं आणि तीनपैकी एक काहीतरी करायचं. पुढच्या-मागच्या प्रसंगातून ते आपोआप कळत असेल तर ओळ सरळ काढून टाकायची. तसं कळत नसेल, तर शेजारच्या सीनमध्ये एखादी कृती किंवा वस्तू घालून ते दाखवायचं. आणि कथा त्या जाणिवेवरच उभी असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र प्रसंग रचायचा.

सुमनची घालमेल दुसऱ्या प्रकारची आहे. आता ते पाकीट कामाला येतं. ती पाकीट दाराखालून अर्धं आत सरकवते, मग परत ओढून घेते आणि फाडते. घालमेल हा शब्द न वापरता दिसली. शेवटची 'चूक कळते' ही जाणीव तिसऱ्या प्रकारची, पण तिलाही कृती सापडते : बसमध्ये हाताला लागलेली किल्ली सुमन फाटक्या पाकिटात न घालता आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवते.

कुठलीही कृती सुचत नसेल तर निवेदन टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. एखादवेळी ते चालतंही. पण सहा ओळींपैकी चार ओळींत 'निवेदनातून कळतं' असं येत असेल तर ती कथा अजून प्रसंगांत आलेलीच नाही. काही कथांचं सगळं नाट्य निवेदकाच्या आवाजात असतं. त्यांची वनलाईन केली की दोन-तीनच ओळी निघतात, आणि ते उत्तर खरं असतं. ओळी वाढवून तिथे काही साधत नाही.

ओळ विषय सांगते, घटना नाही

'शेजारणीशी बोलणं', 'दोघांचं बोलणं' ही शीर्षकं झाली. ओळीत तीन गोष्टी लागतात : कोण काय करायला जातं, आड काय येतं, आणि सीन संपताना काय वेगळं झालेलं असतं. तिसरी गोष्ट बहुतेकांची सुटते. तपासायला सोपं आहे. सीन सुरू होताना पात्र जिथे होतं तिथेच शेवटीही असेल, तर एकतर ओळ अपुरी आहे किंवा सीन नको आहे. सुमनचा जातानाचा बसप्रवास असाच गळतो. बसमध्ये चढली, उतरली, मधे काही बदललं नाही. भांडणाची आठवण मात्र हवी, कारण मशीनची गोष्ट तिथेच आहे. म्हणून ती फ्लॅशबॅकचा स्वतंत्र सीन होते. कथेत फ्लॅशबॅक जिथे सांगितला आहे तिथेच ओळ लिहा, घडला तिथे नाही. पात्राला एखादं वाक्य नुसतं आठवत असेल तर त्याचा सीन करू नका.

उलट टोकाला जाऊन संवाद, कपडे, हवामान सगळं ओळीत कोंबू नका. माझा अंदाज २५-३० शब्दांचा. त्यात बसत नसेल तर बहुतेक वेळा एका ओळीत दोन सीन शिरलेले असतात.

दुरुस्त यादी अशी :

१. सुमनचं घर, रात्र : सुमन ड्रॉवरमधली किल्ली पाकिटात घालून चिकटवते आणि वर विलासचं नाव लिहिते.
२. सुमनचं घर, दोन वर्षांपूर्वीची दुपार, फ्लॅशबॅक : विलास फोनवर आईचं मशीन विकल्याचं सांगतो, 'पुन्हा फोन करू नकोस' म्हणून सुमन फोन आपटते.
३. विलासच्या दाराबाहेर, दुपार : कुलूप बघून सुमन पाकीट दाराखालून सरकवते, पण शेजारीण तिला ओळखते तेव्हा ते ओढून, फाडून किल्लीने दार उघडते.
४. विलासचं घर, आतली खोली, दुपार : किल्ली ठेवून निघायला आलेल्या सुमनला मशीन दिसतं, ती निघायचं सोडून थांबते.
५. तीच खोली, संध्याकाळ : सुमन खोट्याचा जाब विचारते, विलासच्या उत्तरावर तिला बोलता येत नाही, ती किल्ली न ठेवताच निघते.
६. बस, रात्र : सुमन ती किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवते.

तेराच्या सहा झाल्या. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट धरतात. सरासरी दीड-दोन पानांचा सीन धरला तर ही नऊ ते बारा मिनिटांची शॉर्टफिल्म होते.

तिसऱ्या ओळीत शेजारीण सुमनला ओळखते, हे मूळ कथेत नव्हतं. ते आलं एका तपासणीतून. प्रत्येक दोन ओळींच्या मधे 'म्हणून' किंवा 'पण' घालून यादी मोठ्याने वाचायची. जिथे फक्त 'आणि मग' बसतं, तिथे सांधा निखळलेला असतो. मी वाचलं : शेजारीण म्हणते तो संध्याकाळी येतो, आणि मग सुमन आत जाते. का? किल्ली टाकून परत जाता आलं असतं की. कथेत हे खपून गेलं होतं, कारण तिथे सुमनच्या मनातली दोन वाक्यं मधे होती. ती काढल्यावर भोक उघडं पडलं. दोन वर्षं न बोलणाऱ्या बहिणीबद्दल विलास शेजाऱ्यांशी बोलतो, हे सुमनला कळलं की तिचं आत जाणं पटतं. म्हणून शेजारणीच्या तोंडी एक वाक्य आलं, "तुम्ही ताई ना?"

असा बदल केला की यादीत त्या ओळीपुढे फुली मारून ठेवा. कथा दुसऱ्या कुणाची असेल तर लेखकाला दाखवायला हीच ओळ लागते, आणि फुली नसली तर पंधरा दिवसांनी तुम्हालाही आठवत नाही की ते वाक्य कथेतलं होतं की तुमचं.