भाड्याच्या घरात खिळा न ठोकता फ्रेम: पट्टी रात्रीत का सुटते

चिकटपट्टीवर लावलेली फ्रेम पडली, की आधी पट्टीची मागची बाजू बघा. तिथे पांढरी भुकटी दिसली तर पट्टी ठीक आहे, सुटलाय तो भिंतीचा डिस्टेंपर. हाताला खडूसारखा रंग लागणाऱ्या भिंतीवर कितीही महाग पट्टी टिकत नाही. तिथे फ्रेम कपाटाच्या लाकडाला किंवा टाइलवर लावावी, नाहीतर पडद्याच्या दांडीवरून मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने सोडावी.

भिंत गुळगुळीत प्लास्टिक इमल्शनची असेल तर काम होतं. ओल्या फडक्याने पुसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. सातशे ग्रॅमच्या फ्रेमला चार कोपऱ्यांत पट्ट्यांच्या चार जोड्या लावा; जोडीतली एक पट्टी फ्रेमला चिकटते, दुसरी भिंतीला, आणि दोन्ही एकमेकींत अडकतात. फ्रेम भिंतीवर तीस सेकंद दाबा, मग खालून अलगद उचलून काढा आणि भिंतीवर राहिलेली प्रत्येक पट्टी पुन्हा तीस सेकंद दाबा. तासाभराने फ्रेम परत बसवा. हा तास बरेच जण गाळतात, आणि चांगल्या भिंतीवरूनही फ्रेम पडते ती बऱ्याचदा त्यामुळेच.

घर सोडताना पट्टीचं शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू ओढा. स्वतःकडे ओढलंत तर रंगाचा पापुद्रा निघतो आणि डिपॉझिट कापलं जातं.