सप्लायरला तक्रारीचं पत्र: भाषा मऊ, रिफंड पक्का
रागात लिहिलेल्या पत्रात खटकतं ते बहुतेक वेळा 'तुम्ही'. "तुम्ही खराब माल पाठवला, फसवलंत" असं लिहिलं की समोरचा आधी स्वतःचा बचाव करतो आणि पैशाचा मुद्दा राहतो बाजूला. म्हणून वाक्याची सुरुवात मालापासून करा, म्हणजे "१२ तारखेला मिळालेल्या ४० बॉक्सपैकी ९ बॉक्समधले पीस तडकलेले निघाले, फोटो आणि बिल नंबर सोबत जोडलाय." यात आरोप नाही, पण नाकारायलाही काही नाही.

आता मागणी. इथे मात्र नरमाई नको, कारण "जमल्यास रिफंडचं बघावं" लिहिलंत तर ते बघतच बसतील, नाहीतर क्रेडिट नोट किंवा बदली माल गळ्यात मारतील (माझ्या बाबतीत झालंय). सरळ लिहा, "या ९ बॉक्सची पूर्ण रक्कम २५ तारखेपर्यंत आमच्या बँक खात्यात परत करावी. बदली माल किंवा क्रेडिट नोट नको आहे." 'कृपया' हवं तर लावा, त्याने काही बिघडत नाही, पण 'शक्य असल्यास', 'जमेल तसं' हे शब्द दिसले की खोडाच. आणि खराब माल परत न्यायची सोय त्यांनीच करावी, हेही त्याच पत्रात टाका.