फ्रँचायझीचे एकरकमी शुल्क कराराच्या मुदतीत उत्पन्नात कसे घ्यावे

फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीच्या खात्यात सुरुवातीचे शुल्क एकदम जमा होते आणि ते परत करायचे नाही, असे करारातही लिहिलेले असते. त्यामुळे ती रक्कम त्याच महिन्याचे उत्पन्न समजली जाते. पण पैसे परत द्यायचे नाहीत म्हणजे ते कमावले असे होत नाही. फ्रँचायझी घेणाऱ्याने पैसे मोजले आहेत ते पुढची कित्येक वर्षे ते नाव, ती पद्धत आणि त्यामागचा आधार वापरण्यासाठी. कंपनी त्या नावाची जाहिरात करत राहते, पद्धती सुधारत राहते आणि त्याचा बरावाईट परिणाम थेट दुकानावर होतो. म्हणूनच २०१८ पासून लागू असलेल्या आयएफआरएस १५ या मानकानुसार असा हक्क काळानुसार पुरवला जातो आणि उत्पन्नही त्याच गतीने धरायचे असते.

पायरी १: शुल्कात काय काय आहे ते वेगळे करा. करारात प्रशिक्षण, जागेची निवड, कधी यंत्रसामग्रीही असते. प्रत्येकाबाबत एकच प्रश्न विचारा: नाव वापरण्याच्या हक्काशिवाय याचा घेणाऱ्याला उपयोग आहे का? यंत्रसामग्री बहुधा स्वतंत्र ठरते. तिच्या वाट्याची रक्कम बाजूला काढून, ती ताब्यात दिली की उत्पन्नात घ्यायची. त्या ब्रँडची खास कृती शिकवणारे प्रशिक्षण मात्र हक्कापासून सहसा तुटत नाही. त्याचे शुल्क हक्कासोबतच मुदतीत पसरते. इथे घाई करू नका, कारण प्रशिक्षणाच्या नावाखाली मोठा वाटा आधीच उत्पन्नात ओढण्याची चूक इथेच होते.

पायरी २: घड्याळ कधी सुरू होते ते ठरवा. सही झाली किंवा पैसे आले म्हणून मुदत सुरू होत नाही. घेणारा ज्या दिवसापासून तो हक्क वापरून त्याचा लाभ घेऊ शकतो, तो दिवस महत्त्वाचा. अनेक करारांत हा दुकान उघडण्याचा दिवस असतो, तरी करारातील शब्द वाचूनच ठरवा.

समजा १ एप्रिल २०२५ रोजी करार झाला आणि १२,००,००० शुल्क मिळाले. यंत्रसामग्री त्यात नाही. दुकान उघडण्याच्या दिवसापासून दहा वर्षांचा हक्क, आणि दुकान १ ऑक्टोबर २०२५ रोजी उघडले. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत उत्पन्न शून्य. पूर्ण रक्कम करार-दायित्व म्हणून उभी राहते:

```
बँक खाते (नावे)          १२,००,०००
  करार-दायित्व (जमा)     १२,००,०००
```

ऑक्टोबरपासून १२० महिने, म्हणजे दरमहा १०,०००:

```
करार-दायित्व (नावे)          १०,०००
  फ्रँचायझी शुल्क उत्पन्न (जमा)  १०,०००
```

३१ मार्च २०२६ ला संपणाऱ्या वर्षात उत्पन्न ६०,०००. शिल्लक दायित्व ११,४०,०००, त्यापैकी पुढच्या वर्षाचे १,२०,००० चालू आणि १०,२०,००० दीर्घकालीन.

विक्रीवर मिळणारी रॉयल्टी या हिशेबात मिसळू नका. ती ज्या महिन्यात विक्री होते त्या महिन्याचीच.

पायरी ३: नूतनीकरणाचे कलम वाचा. दहा वर्षांनंतर नवे शुल्क न घेता आणखी पाच वर्षे मिळतील असे लिहिले असेल, तर आज मिळालेल्या रकमेचा काही भाग त्या सवलतीचाही आहे. तो भाग नूतनीकरणाच्या काळापर्यंत राखून ठेवावा लागतो. हे कलम करारात पार शेवटी असते आणि बऱ्याचदा वाचायचे राहून जाते.

पैसे इतक्या आधी मिळाले म्हणून त्यात व्याजाचा घटक आहे का, हेही तपासावे लागते. शुल्क आधी घेण्याचे कारण कर्जाऊ पैसा उभारणे नसून घेणाऱ्याला बांधून घेणे असेल, तर तो घटक धरण्याची गरज नसते. ते कारण कागदावर नोंदवून ठेवा.

पायरी ४: मध्येच करार संपला तर. ३० सप्टेंबर २०२९ रोजी, म्हणजे ४८ महिन्यांनंतर, करार संपुष्टात आला आणि पैसे परत देणे नसेल, तर उरलेले ७२ महिन्यांचे ७,२०,००० त्या वेळी एकदम उत्पन्नात येतात. त्याआधी सर्व जबाबदाऱ्या खरोखर संपल्या आहेत ना, आणि परताव्याचा दावा उभा राहत नाही ना, हे पाहा. दुकान नुसते बंद आहे पण करार चालू आहे, अशा स्थितीत ही रक्कम मोकळी होत नाही.

चूक ओळखण्याची खूण. ज्या महिन्यांत नवे करार जास्त होतात त्याच महिन्यांत शुल्काचे उत्पन्न उसळत असेल, तर रक्कम पसरलेली नाही. दुसरी तपासणी: प्रत्येक दुकानाचे उरलेले महिने गुणिले त्याची मासिक रक्कम, यांची बेरीज खातेवहीतल्या करार-दायित्वाशी जुळली पाहिजे. न उघडलेल्या दुकानांचे पूर्ण शुल्क त्यात धरायला विसरू नका. फरक निघाला, तर तो बहुतेक वेळा उघडण्याची तारीख चुकल्यामुळे असतो.